पाळी लांबणं आणि पाळी लांबवणं

श्रावण उतरणीला लागला की सिंधुदुर्गातल्या आमच्या दवाखान्यात एक वाक्य रोज कानावर येतं. "डॉक्टर, नेमकी गौरीत तारीख येते, पुढे ढकलायची गोळी द्या." मुंबईचे चाकरमानी घरी येणार, नैवेद्य करायचा, एखादीचा लग्नानंतरचा पहिलाच ओवसा असणार. पाळीत पूजेला बसू नये हे मला पटत नाही आणि मी ते सांगतेही, पण घरातल्या वातावरणाशी तिला झगडायचं असतं, मला नाही. म्हणून गोळी लिहून देण्याआधी मी फक्त तिला शरीरात काय होणार आहे ते समजावते. कारण बहुतेकींना वाटतं की तापात किंवा दगदगीत पाळी आपोआप पुढे जाते, तसंच गोळीनेही होत असेल. दिसायला दोन्हीकडे पाळी उशिरा आली एवढंच दिसतं. आत मात्र या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक कळला नाही तर गोळी फुकट जाते, कधी उलटतेही.

पाळीचं चक्र दोन भागांत होतं. पाळीच्या पहिल्या दिवसापासून स्त्रीबीज सुटेपर्यंतचा पहिला भाग, आणि बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा दुसरा. हे दोन भाग सारखे आहेत, 14 आणि 14 दिवसांचे, असं शाळेच्या पुस्तकातल्या चित्रामुळे मनात बसतं. खरं तर दुसरा भागच साधारण ठरावीक असतो, बहुतेकींत 12 ते 14 दिवसांच्या आसपास. पहिला भाग मात्र 10 दिवसांचा असू शकतो, 20 चा असू शकतो, आणि त्याच बाईत महिन्यागणिक बदलू शकतो.

पहिला भाग असा लवचीक का, याचं उत्तर मेंदू आणि अंडाशय यांच्यातल्या देवाणघेवाणीत आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस साधारण तास-दीड तासाने एका संप्रेरकाचा छोटा झटका सोडतो. त्यावर पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते. एफएसएचमुळे अंडाशयातल्या काही पुटिका, म्हणजे बीज असलेल्या पाण्याच्या बारीक पिशव्या, वाढू लागतात. त्या इस्ट्रोजेन बनवतात, आणि हे इस्ट्रोजेन सुरुवातीला पिट्युटरीला थोपवतं. एफएसएच कमी होतं, बाकीच्या पुटिका उपाशी पडून सुकतात, आणि कमी एफएसएचवरही तग धरणारी एकच पुढे जाते. ती रोज साधारण 2 मिलिमीटर वाढत 20 मिलिमीटरच्या आसपास पोचते.

इथे एक उलटफेर होतो. जे इस्ट्रोजेन इतके दिवस पिट्युटरीला दाबत होतं, ते रक्तात मिलिलिटरला साधारण 200 पिकोग्रॅमच्या वर जाऊन दोनेक दिवस तिथेच टिकलं, की तेच पिट्युटरीला चेतवू लागतं. एलएचची मोठी उसळी येते आणि ती सुरू झाल्यावर साधारण 36 तासांनी पुटिका फुटून बीज सुटतं. म्हणजे मेंदू तारीख ठरवत नाही. पुटिका पिकली की तीच इस्ट्रोजेनच्या रूपाने कळवते, आणि तोवर मेंदू थांबतो. 1980 च्या सुमारास अमेरिकेत अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने हे माकडिणींवर दाखवलं. ज्या माकडिणींच्या हायपोथॅलॅमसचा झटके सोडणारा भाग निकामी केलेला होता, त्यांना बाहेरून दर तासाला एकसारखे झटके दिले. झटक्यांत काहीच बदल न करताही उसळी आली, बीज सुटलं. म्हणजे महिन्याचं घड्याळ अंडाशयात आहे, मेंदूचे झटके फक्त ते चालू ठेवतात.

पण ते झटकेच मंदावले तर? ताप, उपासमार, अचानक घटलेलं वजन, अति दगदग, यांत हायपोथॅलॅमस झटके कमी करतो. पुटिका हळू वाढते, इस्ट्रोजेन पातळी गाठायला वेळ लागतो, उसळी उशिरा येते. पाळी लांबते ती इथे, पहिल्या भागात. एकदा बीज सुटलं की पुढचा हिशेब जवळजवळ पक्का असतो. म्हणून पाळी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत आलेला ताप तारीख हलवू शकतो, बीज सुटून गेल्यावर आलेल्या तापाने सहसा तारीख हलत नाही. उशीर झाला म्हणून बाई सांगायला येते तेव्हा मी आधी ताप कधी आला ते विचारते.

बीज सुटल्यावर रिकाम्या पुटिकेचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन सोडू लागतो. ते सातव्या-आठव्या दिवशी सर्वांत जास्त असतं. गर्भाशयाचं अस्तर प्रोजेस्टेरॉनमुळे तयार राहतं, टिकून राहतं. हेच प्रोजेस्टेरॉन मेंदूतले झटके खूप विरळ करतं, तीन-चार तासांनी एक, आणि या काळात इस्ट्रोजेन कितीही असलं तरी नवी उसळी येऊ देत नाही. गर्भ राहिला नाही, तर पीतपिंड दोन आठवड्यांत आपोआप थकतो. प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तराचा आधार जातो, रक्तस्राव सुरू होतो. पाळी म्हणजे ही घसरण.

पुढे ढकलायची गोळी, नॉरएथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करते. पीतपिंड थकला तरी अस्तराला वाटतं प्रोजेस्टेरॉन आहेच. पाळी लांबवली जाते ती दुसऱ्या भागाच्या शेवटी, आधार बाहेरून देऊन. बीजाचं वेळापत्रक तिने बदललेलं नसतं, ते आधीच घडून गेलेलं असतं. अर्थात, घडून गेलेलं असेल तर.

एकाच घरातल्या दोन जावांचं उदाहरण घेऊ. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती, गौरी 31 ऑगस्टला आल्या, 2 सप्टेंबरला गेल्या. समजा दोघींची पाळी 3 ऑगस्टला सुरू झाली, दोघींचं चक्र एरवी 28 दिवसांचं. कॅलेंडर बघून दोघीही 31 तारीख धरतात आणि तीन दिवस आधी, 28 ऑगस्टला, दिवसातून तीनदा 5 मिलिग्रॅमची गोळी सुरू करतात.

थोरलीचं बीज 17 ऑगस्टच्या सुमारास सुटलं. 24 तारखेच्या आसपास तिचं प्रोजेस्टेरॉन शिखरावर होतं, 28 ला उतरायला लागलं, तेवढ्यात गोळीने आधार दिला. 2 सप्टेंबरला रात्री गोळी बंद केली, 4-5 तारखेला पाळी आली. हिशेब बरोबर जमला.

धाकटी नवी सून. तिला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सपाटून ताप आला होता, चार घासही नीट जात नव्हते. 28 ऑगस्टला तिची पुटिका जेमतेम 10 मिलिमीटरची होती. तिचं बीज 2 सप्टेंबरच्या सुमारास सुटलं असतं आणि पाळी 16 सप्टेंबरला आली असती. गौरीत तिला अडचण येणारच नव्हती! पण गोळी गेली ती पहिल्या भागात, बीज सुटायच्या आधी. मेंदूला वाटलं दुसरा भाग चालू आहे, त्यामुळे उसळी दबली. गोळी थांबल्यावर दोन-तीन दिवसांत तिलाही थोडा रक्तस्राव झाला, कदाचित हलका, तपकिरी. ती म्हणते, गोळीने काम केलं. प्रत्यक्षात त्या महिन्यातलं बीज एकतर सुटलंच नाही किंवा गोळी थांबल्यावर केव्हातरी उशिरा सुटलं. तिला मूल हवं असेल तर ती मनात चुकीचे दिवस मोजत राहते. आणि नको असेल तर आणखी वाईट, कारण पाच-सहा दिवसांची ही गोळी गर्भनिरोधक नाही. झालेल्या रक्तस्रावाला पाळी समजून ती निर्धास्त होते.

म्हणून आम्हाला दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात. गेल्या काही महिन्यांत चक्र नियमित होतं का, आणि या महिन्यात बीज सुटल्याची काही खूण दिसली का. खूण म्हणजे कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट, ताणला जाणारा स्राव, जो बीज सुटायच्या आधी एक-दोन दिवस येतो आणि प्रोजेस्टेरॉन वाढताच आटतो. सकाळी उठल्याबरोबर तापमान मोजणाऱ्यांना बीज सुटल्यावर साधारण 0.3 ते 0.5 सेल्सियसची वाढ दिसते, फक्त गोळी सुरू केल्यावर या मापावर विसंबू नये, गोळीनेही ते चढतं. अगदी नक्की करायचं असेल तर गोळीच्या आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासावं. मिलिलिटरला 3 नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज सुटलं आहे. तपासणीसाठी "एकविसावा दिवस" हा नियम मात्र 28 दिवसांच्या चक्रापुरताच. धाकटीची तपासणी 23 ऑगस्टला, एकविसाव्या दिवशी, केली असती तर आकडा कमी आला असता आणि कुणी तिला "तुमचं बीजच बनत नाही" असं सांगून टाकलं असतं. तिच्यासाठी योग्य दिवस 9 सप्टेंबर होता, म्हणजे अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी.

उलटी चूकही होते. डाग दिसायला लागल्यावर गोळी मागायला येतात. प्रोजेस्टेरॉन घसरून दीडेक दिवस उलटला की अस्तर मोडण्याची क्रिया पुढे गेलेली असते, माकडिणींवरच्या अभ्यासांत त्यानंतर प्रोजेस्टेरॉन परत देऊनही रक्तस्राव थांबला नाही. तीन दिवस आधी सुरू करायचं ते यासाठी. उशिरा सुरू केलेली गोळी कधी काम करते, कधी सबंध सणभर डाग ठेवते.

तारीख उलटून गेली आहे आणि अजून पाळी नाही, तर गोळी मागण्याआधी गर्भचाचणी करायची, मग ताप आला होता का ते पाहायचं. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, यकृताचा आजार असलेली, किंवा डोळ्यांपुढे तिरिमिरी येऊन अर्धशिशी उठणारी बाई असेल, तर ही गोळी शेजारणीच्या पाकिटातून घ्यायची नाही. या गोळीचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि गुठळीचा धोका वाढवू शकतो.

गोळीनंतर आलेल्या रक्तस्रावाची तारीख लिहून ठेवताना शेजारी "गोळी" असं लिहा. त्या तारखेपासून पुढची पाळी मोजायला हरकत नाही, पण धाकटीसारखी गत झाली असेल तर पुढचा महिनाही थोडा मागेपुढे होईल.