आयगेनव्हेक्टर केंद्रीयता

लहान सामाजिक जाळ्यातील सभासदांचे वजन ठरवण्याची एक गणिती रीत. सभासदाचे नुसते संबंध न मोजता ते ज्यांच्याशी आहेत त्यांचे वजनही येथे हिशेबात धरतात. त्यामुळे व्याख्या स्वतःभोवती फिरते : माझे वजन माझ्या स्नेह्यांच्या वजनांवरून ठरायचे आणि त्यांचे वजन ठरवताना माझे धरायचे. हा फेरा गणितात सुटतो, म्हणूनच या रीतीला अर्थ आहे. जाळ्याची मॅट्रिक्स A घेतली (दोघांत संबंध असेल तर १, नसेल तर ०), तर हवी असलेल्या वजनांची यादी x ही Ax = λx या समीकरणाची उकल असते; येथे λ ही एक संख्या असून अशा x ला A चा आयगेनव्हेक्टर म्हणतात. यात λ ची सर्वांत मोठी किंमत घ्यायची. जाळे अखंड असेल, तर तिच्याशी जुळणारी सर्व वजने धन असतात व त्यांची परस्पर गुणोत्तरे एकच एक निघतात. ही हमी पेरोन (१९०७) व फ्रोबेनियस (१९१२) यांच्या प्रमेयातून मिळते.

उगम : कल्पनेचे जनकत्व कोणाचे, याविषयी एकमत नाही. समाजशास्त्रातील ग्रंथ बहुधा फिलिप बोनाचिच यांच्या १९७२ च्या लेखापासून सुरुवात करतात. आज रूढ असलेले रूप व त्याचा समाजशास्त्रीय वापर यांपुरते ते योग्यच आहे. मात्र कल्पना त्याहून बरीच जुनी दिसते. एडमुंड लांडाऊ या जर्मन गणितज्ञाने १८९५ मध्ये बुद्धिबळ स्पर्धांच्या गुणांकनावर एक टिपण लिहिले. बलाढ्य खेळाडूवर मिळवलेला विजय दुबळ्यावरील विजयापेक्षा अधिक मोलाचा धरावा, हा त्यातील प्रश्न होता. १९१५ मध्ये त्याने तो पुन्हा हाती घेतला. त्याचा विषय जय-पराजयाचा होता, मैत्रीचा नव्हता. म्हणून काही अभ्यासक त्याला या रीतीचा जनक न म्हणता पूर्वसूरी म्हणतात.

मैत्रीच्या संदर्भात ही कल्पना जॉन सीली यांनी १९४९ मध्ये मांडलेली आढळते. मुलांच्या गटात कोण कोणाला निवडतो हे पाहून निवडणाऱ्याच्या प्रतिष्ठेनुसार निवडलेल्याची प्रतिष्ठा ठरवावी, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र निवडणारा आपले वजन आपल्या निवडींत वाटून टाकतो, ही त्यांची अट आजच्या व्याख्येत नाही. लिओ कॅट्झ यांचा १९५३ चा निर्देशांक जवळचा असला, तरी वेगळा आहे. त्यात दूरच्या संबंधांचे मोल पायरीपायरीने घटवले जाते. एकूण पाहता, कल्पनेचे श्रेय लांडाऊला व सामाजिक जाळ्यांसाठीच्या प्रमाण रूपाचे बोनाचिच यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

गणन : अ, ब, क, ड, इ असे पाच सभासद घेऊ. अ, ब व क यांचे आपसांत संबंध आहेत. क चा ड शी व ड चा इ शी संबंध आहे. अ आणि ड या दोघांचेही संबंध दोनच, म्हणजे नुसत्या मोजणीत दोघे बरोबरीत. आता प्रत्येकाला १ गुण देऊन प्रत्येक फेरीत सभासदाचा नवा गुण म्हणजे त्याच्या स्नेह्यांच्या जुन्या गुणांची बेरीज, असा नेम ठेवू. पहिल्या फेरीत अ, ब, क, ड, इ यांना अनुक्रमे २, २, ३, २, १ मिळतात. दुसऱ्या फेरीत ५, ५, ६, ४, २ व तिसऱ्या फेरीत ११, ११, १४, ८, ४. दुसऱ्याच फेरीत अ हा ड च्या पुढे गेला, कारण ड च्या दोन स्नेह्यांपैकी इ जवळजवळ एकटा आहे. आकडे फुगत जातात, म्हणून दरवेळी सर्वांत मोठ्या गुणाने भागतात. फेऱ्या चालू ठेवल्या की क १ धरून अ व ब ०·८२, ड ०·५७ आणि इ ०·२६ यांवर वजने स्थिरावतात. λ सुमारे २·२१ येते, म्हणजे स्थिरावल्यावर प्रत्येक फेरीत गुण तितक्या पटीने वाढतात.

मात्र अ–ब हा एकच संबंध काढून टाकला, की दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे क्रम उलटतो : ड चे वजन ०·७७ व अ चे ०·५४ होते. लहान जाळ्यात एक संबंध नोंदवायचा राहिला, तरी निष्कर्ष बदलू शकतो, आणि विचारणा करून जमवलेल्या माहितीत असे सुटणे नेहमीचे आहे. दुसरी म्हणजे फेऱ्या स्थिरावतच नाहीत. क च्या तुलनेत अ चा गुण एका फेरीत ०·४१ च्या आसपास, पुढच्या फेरीत ०·७१ च्या आसपास, असा कायम हेलकावे खातो. कारण आता सभासदांचे दोन गट पडतात (एकीकडे क, इ व दुसरीकडे अ, ब, ड) आणि प्रत्येक संबंध या गटातून त्या गटातच जातो. उत्तर ०·५४ असतेच, फक्त ही रीत तेथे पोचत नाही. उपाय सोपा आहे : बेरजेत सभासदाचा स्वतःचा जुना गुणही मिळवायचा. त्याने अंतिम वजने बदलत नाहीत, हेलकावे मात्र थांबतात. थोड्याच फेऱ्यांनंतर थांबून मिळालेला आकडा खरा मानला, तर ही चूक लक्षात येत नाही. म्हणून लागोपाठच्या दोन फेऱ्या ताडून पाहाव्यात.

प्रत्यक्षातील उदाहरण : वेन झॅकरी यांनी १९७७ मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातील कराटे मंडळाची माहिती प्रसिद्ध केली. त्यात ३४ सभासद व ७८ संबंध आहेत (पुढे फुटलेले हे मंडळ अभ्यासकांनी इतके वापरले की या क्षेत्रात ते घरचेच झाले आहे). त्यातील ३३ व्या सभासदाचे संबंध १२ व ३ ऱ्याचे १०, पण वजने अनुक्रमे ०·३०९ व ०·३१७ निघतात (येथे वजनांच्या वर्गांची बेरीज १ धरली आहे). ३३ व्याचे पाच स्नेही असे आहेत की त्यांना तो आणि ३४ वा सोडून कोणी नाही. ३ ऱ्याचे संबंध मात्र १ ल्याशी, म्हणजे प्रशिक्षकाशी, व ३३ व्याशीही आहेत. मंडळ फुटताना पडलेल्या दोन्ही गोटांत ३ ऱ्याचा पाय आहे.

मर्यादा : वरील पहिल्या जाळ्यात इ ला बाकीच्यांशी जोडणारा ड एकटाच आहे. तो गेला तर इ तुटतो, तरी वजनात तो अ च्या खाली राहतो. दुवा म्हणून असलेले महत्त्व या रीतीला दिसत नाही, त्यासाठी मध्यस्थता केंद्रीयता वापरतात. जाळे दोन तुकड्यांत विभागलेले असेल, तर ज्या तुकड्याची λ मोठी तोच सारे वजन घेतो व दुसऱ्याला शून्य मिळते. अशा वेळी तुकडे वेगवेगळे मोजावेत. एकदिश संबंधांत ज्याला कोणीच निवडले नाही त्याला शून्य मिळते, आणि केवळ अशांनीच निवडलेल्यालाही शून्यच. प्रत्येकाला थोडे मूळ भांडवल देऊन कॅट्झ निर्देशांक व पुढे संकेतस्थळांच्या पानांचा क्रम लावणारी पेजरँक (१९९८) ही रीत यांनी ही अडचण टाळली.