चौकोनातून अखंड उरेब पट्टी, आणि गळा-मुंढ्याची सफाई

आमच्या मॅचिंग सेंटरमधून उरेब पट्टीसाठी कापडाचा चौकोन नेणाऱ्या ताई-वहिनींचे बहुतेक प्रश्न एकाच जागी अडतात. "पट्टी अखंड निघालीच नाही, नुसती कडी निघाली" असं सांगून कापलेलं कापड परत आणलं जातं. कापलेलं कापड आम्हाला बदलून देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक चौकोनासोबतच देत आहोत.

उदाहरण १८ इंचांच्या सुती चौकोनाचं घेऊ. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा कापला की दोन त्रिकोण होतात. चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन सरळ कडा सुलट बाजू आत ठेवून एकमेकींना जोडा. पाव इंच माया धरा आणि टाका लहान ठेवा, कारण ही शिवण पुढे जागोजागी कापली जाणार आहे. आता तिरका चौकोन तयार होतो. त्याच्या दोन लांब कडा उरेब असतात, आखूड दोन सरळ धाग्यावर असतात. उलट बाजूला लांब कडेशी समांतर, सव्वा सव्वा इंचावर रेघा मारा. दहा पट्ट्या बसतात, उरलेली चिंधी कापून टाका.

चूक होते ती इथे. सरळ कडा एकत्र आणून नळी करताना आपण टोकाला टोक आणि पहिल्या रेघेला पहिली रेघ जुळवतो. तशी शिवली की दहा वेगवेगळ्या कड्या हातात येतात. एक बाजू एका पट्टीएवढी सरकवायची असते. एका कडेवरची पहिली रेघ समोरच्या कडेच्या टोकाशी, दुसरी रेघ तिकडच्या पहिलीशी, तिसरी दुसरीशी, असं जुळवत जा. दोन्ही टोकांना एकेक पट्टी बाहेर राहते आणि नळी पिळल्यासारखी दिसते. तशीच दिसायला हवी. नळी सरळ, नीटनेटकी दिसली तर टीप मारण्याआधी थांबा.

रेघा कापडाच्या अगदी कडेला जुळवू नका, टीप जिथे पडणार तिथे, पाव इंच आत जुळवा. रेघ तिरकी असल्याने कडेला जुळलेली रेघ आत सरकलेली असते आणि पट्टीला प्रत्येक जोडावर पायरी पडते. टाचणी रेघेतून आरपार टोचून पलीकडची रेघ तपासा. मग बाहेर राहिलेल्या टोकापासून रेघेवरून कापत गेलात की सुमारे साडेसहा वार पट्टी सलग निघते. बिनबाह्यांच्या कुर्त्याचा गळा २८ इंच आणि मुंढे १८-१८ इंच धरले, तर जोडासकट ७० इंच लागतात. म्हणजे एका चौकोनात तीन कुर्ते होतात.

आमच्या चौकोनाची कड ओबडधोबड का, असं बरेचजण विचारतात. आम्ही सुती कापड कात्रीने न कापता फाडून देतो. फाडलेलं कापड धाग्यावरच जातं, त्यामुळे कर्ण खरा उरेब पडतो. कर्ण धाग्याला सोडून गेला तर पट्टी एका बाजूला वळते आणि गळ्यावर पीळ दिसतो. कड इस्त्रीने बसते. सॅटिन-जॉर्जेट मात्र फाडू नये.

आता गळा. पट्टी आत वळवायची असेल तर सुलट बाजूवर पाव इंचावर टीप मारा. खोल गोलाईवर पट्टी हलकी ताणा, उताराच्या सरळ भागावर मुळीच ताणू नका. मुंढ्याला काखेजवळच्या वळणापुरताच ताण पुरतो. पट्टी सैल लागली तर गळा अंगापासून सुटा उभा राहतो, जास्त ताणली तर कडेला चुण्या पडतात. पूर्ण २८ इंचांच्या गळ्यावर पट्टी अर्धा इंच कमी लागली की ताण बरोबर आहे असं समजा.

मग गोलाईवर मायेला अर्ध्या अर्ध्या इंचावर कट द्या, टिपेपर्यंत पोचू देऊ नका. माया पट्टीकडे वळवून पट्टीवरच अगदी कडेला दाबाची टीप मारा. ही टीप वगळली जाते, म्हणून चार धुण्यांनंतर पट्टी बाहेर डोकावते. शेवटी पट्टीची कड पाव इंच दुमडून आत हातशिलाई करा.

बाहेर दिसणारा गोट करायचा असेल तर पट्टी दीड इंचाची घ्या आणि माया कापू नका, कट देऊ नका. ती आत भरलेली असली तरच गोट सारखा फुगतो. पट्टीची सुरुवात गळ्याला खांद्याच्या शिवणीजवळ आणि मुंढ्याला काखेच्या शिवणीजवळ करा, म्हणजे जोड लपतो.

धुऊन आटवलेल्या पॉपलिन आणि केंब्रिकचे फाडलेले चौकोन दुकानात रंग जुळवून मिळतात. रेघा मारायला वेळ नसेल तर चौकोन इथेच ठेवा, पट्टी कापून देतो. येताना कुर्त्याचं कापड सोबत आणा, फोटोवरून रंग जुळत नाही.