स्नूझ करायचं होतं, म्यूट केलं

गोकुळ शिरगावात आमचं छोटं मशिनिंग युनिट आहे. फौंड्रीकडून कास्टिंग येतं, आम्ही ते मशिन करून पुण्याच्या गिऱ्हाईकाला पाठवतो. गेल्या पावसाळ्यात एका नव्या हाउसिंगच्या ड्रॉइंगवरून मेलची साखळी सुरू झाली. त्यात चौदा जण होते: गिऱ्हाईकाचं डिझाइन, क्वालिटी, परचेस, पॅटर्नवाले, फौंड्रीवाले आणि आम्ही. एका बोअरच्या टॉलरन्सवरून दिवसाला पंधरा-वीस मेल यायचे. आमचं काम सुरू होणार होतं वीस तारखेला, कास्टिंग हातात पडल्यावर. तोवर यातलं काहीच आमच्या कामाचं नव्हतं.

आमच्या डिस्पॅचच्या पोरानं तीन तारखेला जीमेलमध्ये ती साखळी म्यूट केली. अकरा तारखेला परचेसवाल्यांनी विचारलं, ‘नमुना वीसला निघतोय ना? कळवा.’ हा मेल त्याच्याच नावे होता, सीसीत बाकीचे बारा जण. त्याला तो दिसलाच नाही. सोळाला फोन आला तेव्हा पोरगा कावराबावरा होऊन म्हणाला, ‘सर, म्यूट केलं तरी नावावर आलेला मेल दिसतोय की, व्हय ना?’

दिसत नाही. त्यानं तो समज व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलला होता. तिथे ग्रुप म्यूट केला की फक्त आवाज बंद होतो. ग्रुप यादीत असतोच, नवा मेसेज आला की वर सरकतो आणि आकडा दाखवतो. जीमेलमध्ये त्याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे म्यूट केलं की अख्खी साखळी इनबॉक्समधून उठते आणि पुढचं प्रत्येक उत्तर इनबॉक्सला वळसा घालून थेट ‘ऑल मेल’मध्ये जाऊन बसतं. डिलीट काही होत नाही, शोधलं तर सापडतं, पण डोळ्यासमोर येत नाही. याला मुदतही नसते, तुम्ही स्वतः काढेपर्यंत म्यूट कायम. अपवाद असा: एखादं उत्तर फक्त तुम्हालाच आलं, म्हणजे टू आणि सीसीत दुसरं कुणीही नसलं, तर ते इनबॉक्समध्ये येतं. आमच्या मेलला सीसीत बारा जण होते. नाव टूमध्ये होतं, त्याचा उपयोग शून्य.

स्नूझचं काम निराळं. तोही मेल इनबॉक्समधून हलवतो, म्हणूनच घोटाळा होतो, कारण दाबल्याबरोबर दोन्हींत डोळ्याला फरक कळत नाही. पण स्नूझ करताना जीमेल दिवस आणि वेळ विचारतं आणि त्या वेळी मेल पुन्हा इनबॉक्सच्या डोक्यावर आणून ठेवतं. तोवर तो ‘स्नूझ्ड’ नावाच्या खणात असतो. समोरच्याला यातलं काही कळत नाही.

मग त्या दिवशी स्नूझच करायला हवं होतं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. मी लगेच दुसरी एक गजबजलेली साखळी वीस तारखेपर्यंत स्नूझ करून बघितली. तासाभरात ती परत इनबॉक्समध्ये! स्नूझ केलेल्या साखळीत कुणाचं नवं उत्तर आलं की ती तारखेची वाट न बघता लगेच वर येते. त्यामागे विचार आहे: नवं बोलणं झालं म्हणजे तुम्हाला कळायला हवं. शांत मेलसाठी, म्हणजे विम्याची नोटीस, कोटेशन, कॅलिब्रेशनचं बिल, हे उत्तमच. चौदा जणांच्या वादावादीत मात्र दिवसाला पंधरा वेळा स्नूझ करत बसावं लागेल.

म्हणजे गोंगाट बंद हवा आणि ठरल्या दिवशी आठवणही हवी, तर एका बटणानं होत नाही. आम्ही आता काय करतो ते सांगतो.

साखळीतला ज्यात तारीख आणि ड्रॉइंग आहे तो शेवटचा कामाचा मेल उघडायचा आणि स्वतःलाच फॉरवर्ड करायचा. इथे एक खोच आहे. विषय तसाच ठेवला तर जीमेल तो मेल जुन्या साखळीतच गुंफतं आणि सगळी खटपट वाया जाते. म्हणून फॉरवर्डच्या बाणाशेजारी `Edit subject` निवडून विषय बदलायचा. आमचा विषय असा असतो: ‘हाउसिंग नमुना, 20 ला मशिनवर, रिव्हिजन सी’. विषय बदलला की वेगळी साखळी होते. जोडलेलं ड्रॉइंग सोबत येतंच. हा नवा मेल इनबॉक्समध्ये आला की तो स्नूझ करायचा आणि मग जुनी मोठी साखळी म्यूट करायची. नव्या मेलवर फक्त आपलंच नाव, त्यामुळे कुणी उत्तर देणार नाही आणि तो वेळेआधी वर येणार नाही.

एवढंच लक्षात ठेवायचं की तो मेल परत आला की त्यावर ‘रिप्लाय’ दाबून गिऱ्हाईकाला कळवायला जायचं नाही, ते उत्तर आपल्यालाच येऊन पडेल. मूळ साखळी शोधून तिथे लिहायचं. म्यूट साखळीत आलेली न वाचलेली उत्तरं शोधपट्टीत असं टाकलं की दिसतात:

```
is:muted is:unread
```

हे आम्ही शुक्रवारी संध्याकाळी बघतो. अकराचा तो मेल असा बघितला असता तर चौदालाच हाती लागला असता, फोनची वेळ आली नसती. स्नूझ केलेले सगळे एकत्र बघायचे तर `in:snoozed`. म्यूट काढायचं तर साखळी उघडून तीन टिंबांच्या मेनूत ‘अनम्यूट’, आणि नंतर ती इनबॉक्समध्येही हलवायची, आपोआप येत नाही.

वेळेबद्दल एक. स्नूझच्या मेनूत ‘नेक्स्ट वीक’ निवडलं की मेल सोमवारी सकाळी येतो. आमच्या युनिटला साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. त्यामुळे हा मेल यायचा तेव्हा पोरगा पंचगंगेच्या घाटावर नाहीतर घरी झोपलेला, मंगळवारी नव्या मेलांच्या खाली दबलेला. आम्ही ‘पिक डेट अँड टाइम’च वापरतो, आणि वेळ देतो शिफ्ट सुरू होण्याच्या अर्धा तास आधीची. तारीखही काम करायची नव्हे, तर तयारी करायची. टूलिंग लागायला दोन दिवस लागतात, म्हणून वीसच्या कामाचा मेल अठराला यावा.

म्यूटबद्दल अजून एक धोका: तो साखळीला चिकटतो, विषयाला नाही. कुणी विषय बदलून मेल टाकला तर नवी साखळी म्यूट नसते. जीमेलमध्ये साखळी शंभर मेलांच्या पुढे गेली तरी ती तुटून नवी सुरू होते. आमच्या हाउसिंगच्या वादात हे खरंच झालं, आणि पोरगा म्हणाला, ‘सर, म्यूट बिघडलं.’

आउटलुक वापरणाऱ्यांनी मात्र जपून. तिथे म्यूटसारखं दिसणारं ‘इग्नोर’ आहे, आणि ते साखळी बाजूला ठेवत नाही, ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये टाकतं, पुढची उत्तरंसुद्धा तिथेच. कचऱ्याचा तो खण कुणी रिकामा केला की गेलंच. आमच्या अकाउंटवाल्या ताईंनी ट्रान्सपोर्टवाल्याच्या साखळीवर ते केलं होतं. डिलीटेडचा खण महिनाअखेरीला साफ करायची त्यांची सवय, आणि एलआरची, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यानं दिलेल्या मालाच्या पावतीची, कॉपी त्यातच होती. ट्रान्सपोर्टवाल्याकडून दुसरी मागवायला आठवडा गेला.