घड्याळाच्या झाकणावरील व अंगठीतील अक्षरकोरणी

घड्याळाच्या मागच्या झाकणावर किंवा अंगठीच्या आतल्या अंगाला नाव, तारीख वा छोटा मजकूर कोरण्याचे काम. दोन्हींत धातू कापूनच अक्षर उमटते, पण विकताना दोहोंचा हिशेब वेगळा होतो. साधी सोन्याची अंगठी बहुधा धातू म्हणून मोडली जाते, तर घड्याळ वस्तू म्हणून विकले जाते. म्हणून अंगठीत खोल कोरायला फारशी हरकत नसते आणि घड्याळावर मात्र खोली विचारपूर्वक ठरवावी लागते.

कोरण्याच्या मुख्य पद्धती तीन. कारागीर पोलादी कोरणीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर काढतो. तिची खोली साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते आणि तिच्या तिरप्या कडांवर उजेड खेळतो. यंत्रात हिऱ्याचे टोक ओढले की धातू निघत नाही, नुसता बाजूला दाबला जातो आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा असा उथळ ओरखडा उरतो. लेझरने दोन्ही साधते: सावकाश अनेक फेऱ्या मारून खोल अक्षर, किंवा पोलाद नुसते तापवून काळा रंग. या काळ्या अक्षराला खोलीच नसते, त्यामुळे पहिल्याच पॉलिशमध्ये ते पुसट होते. भांड्यांवर नाव घालायचे थरथरणारे यंत्र टिंबांची अक्षरे काढते. स्टीलच्या डब्याला ते ठीक, घड्याळाला कधीच लावू नये. कोणतीही पद्धत असो, झाकण आधी घड्याळापासून वेगळे करावे, म्हणजे धक्का आणि धातूचा कीस यंत्रणेत जात नाही.

अंगठीत खोलीपेक्षा जागेची अडचण मोठी. समजा अंगठी ३ मिलिमीटर रुंद आहे आणि तिचा आतला व्यास १६.५ मिलिमीटर, म्हणजे घेर सुमारे ५२ मिलिमीटर. कडा सोडल्या तर ओळीला जेमतेम पावणेदोन मिलिमीटर उंची मिळते. देवनागरीत यातलाच वाटा शिरोरेषेवरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार घेतात, मूळ अक्षराला मिलिमीटरभरच उरतो. ‘समर’ स्वच्छ उमटते; ‘कृष्णेंदु’मधला जोडाक्षराचा गठ्ठा भरून जातो. अशा वेळी बारीक, एकाच जाडीच्या रेषेचे साधे वळण घ्यावे किंवा नुसती तारीख कोरावी. भारतात हॉलमार्कचे चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक बहुधा आतच असतात. त्यांवर अक्षर चढता कामा नये. २२ कॅरेट सोने मऊ असल्याने ०.१ मिलिमीटरहून उथळ अक्षर लवकर झिजते, पण अंगठीची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर खोल कोरणी टाळावी. मजकूर बोटाच्या तळव्याकडच्या भागात घेऊ नये, कारण माप बदलताना सोनार बहुधा तिथेच कापतो आणि एखाद-दुसरे अक्षर जाते.

मोडीत काय घटते? प्रत्येक अक्षरात एकूण ५ मिलिमीटर रेषा, चर ०.२ रुंद आणि ०.१ खोल धरली, तर दहा अक्षरांत सुमारे अर्धा घन मिलिमीटर सोने जाते: नऊ मिलिग्रॅमच्या आसपास. चार ग्रॅमच्या अंगठीत ही तूट नगण्य आहे आणि आटवताना नाव आपोआप संपते. हिऱ्याची किंवा प्लॅटिनमची अंगठी मात्र अंगठी म्हणूनच विकायची असेल, तर आतले अक्षर घासून काढावे लागते, आणि खोल असेल तर कडे पातळ होते.

घड्याळाचे झाकण बाहेर असते, मनगटाला घासते, आणि दिसतेही मोठे. इथे ०.०५ ते ०.१ मिलिमीटरची ठळक, सरळ अक्षरे शोभतात. जागा सपाट मध्यभागीच निवडावी. कडेला झाकण उघडण्याच्या खाचा आणि आतून रबरी कडी बसते, तिथे धातू कमी केला तर पाणी शिरण्याचा धोका वाढतो. मुलामा दिलेल्या झाकणावर थर काही मायक्रॉनचाच असल्याने कोणतीही कोरणी खालचा धातू उघडा पाडते. रिव्हर्सो हे १९३१चे घड्याळ याला अपवादासारखे अनुकूल आहे: ब्रिटिश भारतातल्या पोलो खेळाडूंसाठी काच आत वळवता यावी अशी त्याची डबी, आणि उलटल्यावर समोर येणारी कोरी पाठ कोरण्यासाठी जणू तयारच.

विक्रीत नाव असलेले घड्याळ सहसा कमी भावाने जाते, कारण दुसऱ्याचे नाव कोणी मनगटावर वागवत नाही. उथळ ओरखडा कसबी हात पॉलिशने काढू शकतो. खोल अक्षर काढायचे तर लेझर वेल्डिंगने धातू भरावा लागतो किंवा झाकणच बदलावे लागते. मूळ झाकणासह जुळणारा क्रमांक गेला की जुन्या घड्याळाचा संग्राहकांतला भाव आणखी उतरतो. उलट घडते ते फक्त सिद्ध इतिहास असेल तेव्हा. अभिनेता पॉल न्यूमन याला पत्नी जोन वुडवर्ड हिने दिलेल्या रोलेक्स डेटोनाच्या पाठीवर ‘ड्राइव्ह केअरफुली मी’ असे कोरले होते, आणि ते ऑक्टोबर २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेले. तिथे कोरलेली ओळ मालकीचा पुरावा ठरली.