बेळगावकडच्या फोटोतला लाल डोंगर: बॉक्साईट की लोखंड?

डोंगरावर लाल ओरखडा दिसला की लोक लगेच बळ्ळारीच्या लोखंडाच्या खाणींचं नाव घेतात, पण बेळगाव-चंदगड पट्ट्यातले असे बरेच फोटो बॉक्साईटचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या खनिजाचे असतात. लाल रंग दोन्हीकडे लोखंडाचाच, म्हणून फक्त लाल रंगावरून ठरवू नका, खड्डा डोंगराच्या कुठल्या भागात आहे ते आधी बघा.

आपल्याकडं पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर सपाट खडकाळ पठारं, म्हणजे सडे आहेत. लाखो वर्षांच्या पावसानं बेसॉल्टमधली सिलिका धुऊन गेली आणि लोखंड, अ‍ॅल्युमिना वर राहिलं, त्याचाच जांभा झाला, आणि जिथं अ‍ॅल्युमिना जास्त साठलं तिथं बॉक्साईट. हा थर चादरीसारखा माथ्यावरच पसरलेला आणि फार जाड नाही, त्यामुळे खाण खोल जात नाही, आडवी पसरते. फोटोत डोंगराचा माथा खरवडलेला आणि खालचा उतार हिरवागार दिसतो तो यामुळंच. सरळ उभ्या भिंतींचा चौकोनी खड्डा असेल तर ती बहुतेक चिऱ्याची खाण, ते वेगळं.

बळ्ळारीतल्या संडूरकडचं लोखंड लांबलचक डोंगररांगेत, तिथं रांगेच्या कुशीतच पायऱ्या पाडत उतरतात आणि धूळ बरीचदा काळपट, जांभळट दिसते. गोव्यात खड्डे खोल, खाण बंद पडली की पाणी भरतं, जवळ नदी आणि बार्जेस. बळ्ळारीत 2011 ला आणि गोव्यात 2012 ला सुप्रीम कोर्टानं खाणी थांबवल्या होत्या, म्हणून फोटोचं वर्ष कळलं तर तेही उपयोगी पडतं.

आता बेळगावची खास खूण. इंडाल या अ‍ॅल्युमिनियम कंपनीचा कारखाना इथं 1970 च्या आसपास उभा राहिला, 2000 मध्ये इंडाल हिंडाल्कोकडं गेली. चंदगडकडचं बॉक्साईट ट्रकनं इथं येत आलंय. गरम कॉस्टिक सोड्यात अ‍ॅल्युमिना विरघळतं, लोखंड विरघळत नाही, ते लाल चिखल होऊन उरतं, आणि एक टन अ‍ॅल्युमिनामागं हा चिखल साधारण एक ते दीड टन निघतो. म्हणून अशा कारखान्याजवळ, म्हणजे रिफायनरीजवळ सरळ बांधाचं, एकसारख्या विटकरी रंगाचं मैदान दिसतं, वाळलं की भेगा पडतात, आणि अल्कली जास्त असल्यानं त्यावर सहज काही उगवत नाही. लोखंडाच्या खाणीचा गाळ बघून फसायला होतं, तेव्हा शेजारी उंच टाक्यांच्या रांगा आणि चिमणी आहे का ते बघा, त्या असतील तर रिफायनरी.

पवनचक्क्यांनीही मदत होते पण जपून. आपल्या जिल्ह्यात त्या सौंदत्तीकडं, कमी पावसाच्या कोरड्या टेकड्यांवर. पण सपाट लाल सड्यावर ओळीनं पवनचक्क्या असतील तर साताऱ्याचं चाळकेवाडीचं पठारही असू शकतं, तेही जांभ्याचंच.

तेलाचे पंप मात्र या भागात शोधू नका. शेतात मान हलवणारा पंप दिसला तर मेहसाणासारख्या गुजरातच्या सपाटीचा विचार करा.