नशा चढली, पण कशाची?

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात 33 विद्यार्थ्यांना एक गोळी देण्यात आली. ती सिलोसायबिनसारखी, म्हणजे भास घडवणाऱ्या मशरूममधल्या द्रव्यासारखी आहे, असं त्यांना सांगितलं होतं. खोलीत रंगीत दिवे, चित्रं, संगीत होतं आणि संशोधकांनीच पेरलेली काही माणसं 'चढल्याचं' सोंग वठवत होती. चारेक तासांनंतर विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांनी काहीतरी परिणाम जाणवल्याचं सांगितलं. एकाला भिंतीवरची चित्रं हलताना दिसली होती. गोळीत औषध अजिबात नव्हतं. 2020 साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण यातलं कोणी खोटं बोलत नव्हतं. त्यांना खरोखरच तसं जाणवलं होतं. म्हणून 'घेतल्यावर कसं वाटलं?' एवढंच विचारून औषधाचा गुण ठरवता येत नाही.

'मायक्रोडोसिंग'च्या बाबतीत हीच अडचण होती. एलएसडी या भास घडवणाऱ्या द्रव्याच्या नेहमीच्या मात्रेचा साधारण दहावा भाग दर काही दिवसांनी घ्यायचा. त्यानं भास होत नाहीत, पण मन प्रसन्न राहतं आणि काम सुचतं, असं घेणारे सांगत. पण सांगणारे सगळे आधीच विश्वास बसलेले! शिवाय हे द्रव्य बेकायदा असल्यामुळे रीतसर चाचणी अतिशय खर्चिक आणि किचकट.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या बालाझ झिगेती आणि सहकाऱ्यांनी यातून वाट काढली. जे लोक स्वतःहून हे घेणारच होते, त्यांनाच स्वतःपासून गुपित राखायला शिकवलं. सहभागींनी घरीच आपली मात्रा अपारदर्शक कॅप्सुलांमध्ये भरायची, काही कॅप्सूल रिकाम्या ठेवायच्या. एकेका आठवड्याच्या कॅप्सूल पाकिटांत घालून त्यावर क्यूआर कोड लावायचे, पाकिटं मिसळायची आणि त्यातली चार आठवड्यांची उचलायची. कोणत्या कोडमागे काय आहे हे फक्त संगणकाला ठाऊक. त्यामुळे कोणाच्या वाट्याला चारही आठवडे औषध आलं, कोणाच्या निम्मं, तर कोणाच्या नुसत्या रिकाम्या कॅप्सूल.

191 जणांनी हा क्रम पूर्ण केला. 2021 मध्ये निकाल आला तेव्हा मायक्रोडोस घेणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलेलं दिसलं, आणि रिकाम्या कॅप्सूल गिळणाऱ्यांचंही जवळपास तेवढंच. पाकिटं तपासल्यावर आपण महिनाभर रिकाम्या कॅप्सूल घेत होतो हे कळून काही जण चाट पडले.

कॅप्सूल घेतलेल्या दिवसाच्या नोंदींत मात्र औषधाच्या बाजूनं थोडा फरक दिसत होता. इथे संशोधकांची दूरदृष्टी कामी आली. 'आज काय घेतलं असं वाटतं?' हा अंदाजही त्यांनी विचारून ठेवला होता. तो हिशेबात धरल्यावर दिसलं की फरक अंदाजाच्या मागे जातो: औषध घेतलं असं ज्याला वाटलं त्याचा दिवस बरा गेला, मग कॅप्सुलीत काही असो वा नसो. या अभ्यासाला मर्यादाही आहेत. काळ्या बाजारातल्या मालात नक्की किती एलएसडी होतं, हे कोणी मोजलं नव्हतं.

मोठ्या मात्रेला हा उपाय चालत नाही, कारण ज्याला भास होतात त्याला आपण काय घेतलं हे लगेच कळतं. 1962 च्या गुड फ्रायडेला बोस्टनमधल्या मार्श चॅपेलमध्ये वॉल्टर पान्के यांनी हे अनुभवलं. धर्मशास्त्राच्या 20 विद्यार्थ्यांपैकी दहा जणांना सिलोसायबिन दिलं, आणि उरलेल्या दहांना नायासिन हे जीवनसत्त्व. नायासिननं चेहरा लाल होतो, त्वचा चुरचुरते. असा काहीतरी जाणवणारा प्लासिबो, म्हणजे खऱ्या औषधाच्या जागी द्यायची बनावट मात्रा, दिला की गुपित टिकेल, हा विचार उत्तम होता, आणि सुरुवातीला नायासिनवाल्यांना आपल्यालाच खरं औषध मिळालं असं वाटलंही. पण थोड्याच वेळात त्यांचा चेहरा निवला, आणि शेजारचे भान हरपून बसलेले दिसू लागले. कोणाला काय मिळालं हे सगळ्या चॅपेलला कळून चुकलं. तिथून पुढे नोंदवलेल्या प्रत्येक अनुभवात औषध किती, औषध मिळाल्याचा आनंद किती आणि न मिळाल्याची निराशा किती, हे वेगळं काढणं अवघड झालं.

ही गाठ अजून सुटलेली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं एमडीएमए या नशेच्या द्रव्यानं करायच्या मानसिक आघातावरच्या उपचाराला मंजुरी नाकारली, तेव्हाही हा मुद्दा चर्चेत होता: चाचणीतल्या बहुतेकांनी आपण कोणत्या गटात आहोत हे अचूक ओळखलं होतं. जाणवणारा प्लासिबो किंवा त्याच औषधाची अगदी कमी मात्रा देऊन पाहणं, आणि रुग्णाशी कधीच न भेटलेल्या माणसाकडून त्याचं मूल्यमापन करवणं, हे उपाय आज वापरले जातात. तरीही मला आधी पाहावंसं वाटतं ते अंदाजाचं कोष्टक. कोणत्या गटातल्या किती जणांनी आपलं औषध बरोबर ओळखलं, हे ज्या शोधनिबंधात दिलेलं नसतं, त्यातल्या 'बरं वाटलं'च्या आकड्यांवर माझा भरवसा बसत नाही.