लेझर फ्युजनचा ‘नफा’ नेमका कुठे मोजला?

“अमेरिकेत लेझर फ्युजनमधून घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा निघाली, मग आता वीजकेंद्र का उभारत नाहीत?”

लेझर फ्युजन म्हणजे लेझरच्या माऱ्याने इंधन चेपून त्यातली अणुकेंद्रके जुळवणे आणि त्यातून ऊर्जा मिळवणे. वीजकेंद्र उभे राहत नाही, कारण ५ डिसेंबर २०२२ चा तो हिशेब फक्त लक्ष्यापुरता, म्हणजे इंधन असलेल्या छोट्या नळकांड्यापुरता होता. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ लेझर किरणांनी लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ मेगाज्यूल निघाली. लाभ सुमारे दीडपट. पण ते लेझर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती.

किरण थेट इंधनावर पडत नाहीत. ते एका पोकळ नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर पडतात आणि तिथून क्ष-किरण निघतात. त्यांनी मधल्या सुमारे २ मिलिमीटरच्या हिऱ्याच्या गोळीचे बाहेरचे कवच उडून जाते. त्याच्या धक्क्याने आतले इंधन, म्हणजे ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड प्रकारांचे गोठवलेले मिश्रण, चेपले जाते. इथे समतोल फार नाजूक असतो. कवचात सूक्ष्म पोकळी असली किंवा दाब एका बाजूने कमी पडला, की कवचाचे द्रव्य इंधनात घुसते, गाभा थंड पडतो आणि फ्युजनमधून निघणाऱ्या न्यूट्रॉनांची संख्या कोसळते. बिघाड कळतो तो याच संख्येवरून.

आता वीजकेंद्राचे गणित. लेझरची कार्यक्षमता १० टक्के धरली (आजच्या त्या यंत्राची १ टक्क्याहूनही कमी आहे), तर २ मेगाज्यूलच्या माऱ्याला २० मेगाज्यूल वीज लागेल. लाभ १०० पट असेल तर २०० मेगाज्यूल उष्णता मिळेल आणि तिची ४० टक्के दराने ८० मेगाज्यूल वीज होईल. त्यातली २० लेझरलाच परत द्यायची, उरतात ६०. दीडपट लाभात मात्र जेमतेम १.२ मेगाज्यूल वीज हाती येते.